मशीन बंद पडली: सर्व्हिस इंजिनिअर पहिल्याच फेरीत काम करून जाईल अशी तक्रार कशी नोंदवायची

मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस डेस्कला रोज येणारा मेसेज असा असतो: "मशीन बंद आहे, अर्जंट माणूस पाठवा." पाठवणाऱ्याला वाटतं, आपलं काम झालं. पण डेस्कवर बसलेल्या माणसाला यातून काहीच ठरवता येत नाही. तो उलट फोन करतो. फोन उचलणाऱ्याला मॉडेल माहीत नसतं, तो सुपरवायझरचा नंबर देतो आणि सुपरवायझर दुसऱ्या शिफ्टला असतो. शेवटी अंदाजाने कोणालातरी पाठवलं जातं. इलेक्ट्रिकलचा इंजिनिअर येतो, बिघाड मेकॅनिकल निघतो, तो रिपोर्ट लिहून परत जातो. मशीन मात्र तशीच उभी राहते.

तुमची तक्रार वाचून डेस्क दोनच गोष्टी ठरवतो: कोणाला पाठवायचं आणि त्याच्याबरोबर कोणते पार्ट द्यायचे. तक्रारीतली प्रत्येक ओळ या दोन निर्णयांच्या उपयोगी पडली पाहिजे. बाकी मजकूर कितीही कळकळीचा असला तरी त्याने इंजिनिअर लवकर निघत नाही.

हे नीट कळावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. समजा, तुमच्याकडे स्लँट बेडची सीएनसी टर्निंग मशीन आहे, कंट्रोल फॅनकचं. सोमवारी सकाळी पहिल्या शिफ्टला मशीन चालता चालता थांबली आणि पडद्यावर हे आलं:

```
SV0436 (X)SOFTTHERMAL(OVC)
```

ऑपरेटरने रिसेट केलं. मशीन दहा मिनिटं चालली आणि पुन्हा तोच अलार्म आला. असं तीनदा झालं. आता कंपनीला कळवायचं आहे.

फोन उचलण्याआधीची वीस मिनिटं

सगळ्यात आधी अलार्म पडद्यावर असतानाच पूर्ण स्क्रीनचा फोटो घ्या. अलार्म नंबर, कोणता ॲक्सिस, त्या क्षणी चालू असलेला प्रोग्रॅम आणि ॲक्सिसची जागा हे सगळं त्यात आलं पाहिजे. "ओव्हरलोडचा काहीतरी अलार्म आला होता" असं आठवणीतून सांगितलं तर उपयोग होत नाही, कारण ओव्हरलोडचे अलार्म अनेक असतात आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो.

याच अलार्मचं बघा. SV0436 मध्ये मोटरचं तापमान कोणी मोजलेलं नसतं. मोटरला किती करंट किती वेळ गेला यावरून कंट्रोल हिशोब करतं की मोटर एवढी तापली असणार, आणि हिशोब मर्यादेबाहेर गेला की मशीन थांबवतं. प्रत्यक्ष मोटर तापल्याचा अलार्म वेगळा आहे, SV0430. म्हणून SV0436 आल्यावर मोटरला हात लावून "मोटर तर गार आहे, अलार्म खोटा आहे" असं म्हणणं चुकीचं. मोटर जास्त करंट घेत आहे हे खरंच असतं, प्रश्न एवढाच की का. थोडा वेळ थांबल्यावर मशीन पुन्हा चालते तेही याच हिशोबामुळे. मधल्या वेळात मोटर थंड झाली असेल असं कंट्रोल धरून चालतं. रिसेट मारत मारत शिफ्ट काढली तर आतला जो भाग अडतो आहे तो आणखी खराब होतो.

त्यानंतर अलार्म हिस्टरी उघडा. MESSAGE बटण दाबून HISTRY सॉफ्टकी दाबली की जुने अलार्म तारीख-वेळेसह दिसतात. निदान मागच्या आठवड्याची पानं फोटोत घ्या. आपल्या उदाहरणात तिथे शनिवारी रात्री २:४० ला ही नोंद सापडते:

```
SV0411 (X)EXCESS ERROR(MOVING)
```

याचा अर्थ ॲक्सिसला जिथे जायला सांगितलं होतं तिथे तो पोचू शकला नाही, फरक मर्यादेपेक्षा वाढला. रॅपिडमध्ये टूल कशावर तरी आपटलं की हा अलार्म बऱ्याचदा येतो. रात्रपाळीला विचारल्यावर कळतं की ऑफसेट चुकीचा पडला होता, एक्स ॲक्सिस रॅपिडने खाली आला आणि टूल होल्डर चकच्या जॉवर आदळला. टूल बदललं, ऑफसेट घेतला, काम पुढे चालू झालं. कोणी कुठे लिहिलं नाही.

ही गोष्ट कंपनीला सांगायची. वॉरंटी जाईल या भीतीने धडक लपवली जाते, आणि त्यात नुकसान तुमचंच होतं. धडकेचं नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही हे खरं आहे, पण लपवलं म्हणून ते वॉरंटीत बसेल असंही नाही. हिस्टरीत नोंद आहे, जॉवर खूण आहे, इंजिनिअर आल्यावर अर्ध्या तासात ओळखतो. फरक पडतो तो तयारीत. धडक आधी कळली असेल तर तो टेस्ट बार, डायल आणि टरेटचं अलाइनमेंट तपासायची साधनं घेऊन येतो, बॉलस्क्रूचे सपोर्ट बेअरिंग बरोबर आणतो. नसेल कळली तर सर्व्हो मोटर आणि केबल घेऊन येतो, आणि त्या पहिल्या फेरीत त्यांचा काही उपयोग नसतो.

मॉडेल म्हणजे नेमकं काय काय

"आमची चार नंबरची मशीन" हे तुमच्या शॉपमधलं नाव झालं. कंपनीच्या रेकॉर्डला मशीन सिरीयल नंबरने ओळखली जाते. एकाच मॉडेलच्या मशीनमध्ये वर्षागणिक मोटर, ड्राइव्ह, बॉलस्क्रू बदललेले असतात. नुसत्या मॉडेलवरून पार्ट काढला तर तो बसेलच असं नाही. सिरीयल नंबर दिला की तुमच्या मशीनला नेमका कोणता पार्ट लावून दिला होता ते त्यांना बघता येतं.

नेमप्लेट बहुतेक वेळा मशीनच्या मागे किंवा इलेक्ट्रिकल पॅनेलच्या दारावर असते. कुलंट आणि तेलाने ती काळी पडलेली असते. चिंधीने पुसा आणि सरळ समोरून फोटो घ्या. सिरीयल नंबर हाताने उतरवताना शून्य आणि इंग्रजी 'ओ', एक आणि 'आय' यांची गल्लत होते, म्हणून फोटो जोडायचाच. मशीनच्या नेमप्लेटशिवाय कंट्रोलवर, ड्राइव्हवर आणि मोटरवर त्यांच्या त्यांच्या स्वतंत्र प्लेट असतात. घाईत कंट्रोलचा नंबर मशीनचा म्हणून दिला जातो आणि डेस्कला रेकॉर्ड सापडत नाही. आधी मशीनचा नंबर द्या. बिघाड ॲक्सिसचा असेल तर कंट्रोलचं मॉडेल आणि त्या ॲक्सिसच्या ड्राइव्हच्या प्लेटचा फोटो खाली वेगळा जोडा. पॅनेल उघडायचं काम मात्र इलेक्ट्रिशियनचं आहे. मेन स्विच बंद केल्यावरही ड्राइव्हमध्ये चार्ज शिल्लक असतो, त्यावरचा चार्जचा दिवा विझेपर्यंत आत हात घालायचा नाही.

बार फीडर, टेल स्टॉक, चिप कन्व्हेयर यांसारखी जी जोडणी नंतर बाहेरून घेतली असेल ती सांगा. बिघाड त्यातला असेल तर मशीन कंपनीचा माणूस तिथे हात लावणार नाही, हे आधीच स्पष्ट झालेलं बरं.

वॉरंटी आहे, एएमसी आहे की दोन्ही संपलंय हेही इथेच लिहा. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरतात की मशीन चालू करून दिल्याच्या तारखेपासून, हे तुमच्या ऑर्डरच्या अटींत बघा. शंका असेल तर दोन्ही तारखा द्या.

बिघाड लिहायचा, निदान नाही

नवख्या माणसाची इथे हमखास चूक होते. तो लिहितो, "एक्स ॲक्सिसची मोटर जळाली आहे, मोटर घेऊन या." हे निदान झालं, तेही न तपासता केलेलं. डेस्कने ते खरं धरलं तर मोटर येते, बसते आणि अलार्म तसाच राहतो. तुम्ही तीन गोष्टी लिहायच्या: काय दिसलं, कोणत्या परिस्थितीत दिसलं, आणि तुम्ही काय तपासलं तेव्हा काय आढळलं. अंदाज सांगायचाच असेल तर शेवटी, अंदाज म्हणून सांगा.

आपल्या उदाहरणात शॉपवर कोणताही भाग न खोलता बरंच तपासता येतं. स्पिंडल बंद ठेवा, जॉब काढा, टरेट सुरक्षित जागी आणा आणि रॅपिड ओव्हरराइड २५ टक्क्यांवर ठेवा. POS बटण दाबून MONI सॉफ्टकी दाबली की ॲक्सिसचा लोड टक्क्यांत दिसतो. आता एक्स ॲक्सिस जॉगने पूर्ण प्रवासभर हळूहळू वर न्या, खाली आणा आणि लोड बघत राहा. एकाने मशीन चालवायची, दुसऱ्याने आकडे लिहायचे. आवाज झाला किंवा लोड एकदम चढला तर तिथेच थांबायचं, जबरदस्तीने पुढे न्यायचं नाही.

ॲक्सिस उभा असतानाही लोड शून्य नसेल, त्याने घाबरू नका. स्लँट बेडवर एक्स स्लाइड तिरकी असते, टरेटचं वजन मोटरला धरून ठेवावं लागतं. वर नेताना लोड जास्त आणि खाली आणताना कमी, हेही साहजिक आहे. बघायचं ते एवढंच की लोड कुठे आणि कसा वाढतो. संपूर्ण प्रवासात दोन्ही दिशांना जास्त असेल तर संशय ब्रेक नीट न सुटण्यावर, वंगण न पोचण्यावर किंवा बेअरिंगवर जातो. ठराविक जागीच वाढत असेल तर त्या जागी काहीतरी अडतंय: स्क्रू, नट, गाइड-वे किंवा टेलिस्कोपिक कव्हर. लोड सगळीकडे नेहमीसारखा असून अलार्म फक्त कटिंगमध्ये येत असेल तर आधी टूल आणि कटिंगचे आकडे तपासा, कदाचित इंजिनिअर लागणारही नाही.

शेजारी त्याच मॉडेलची चांगली चालणारी मशीन असेल तर तिचेही आकडे याच पद्धतीने घ्या. "१३० टक्के" वाचून इंजिनिअरला कळतं त्यापेक्षा "या मशीनवर १३०, शेजारच्या तशाच मशीनवर ४०" हे वाचून पुष्कळ जास्त कळतं.

वंगणाचं तपासताना टाकीतली पातळी बघून थांबू नका. टाकी भरलेली असते आणि स्लाइड कोरडी असते, असं नेहमी होतं: पाइप तुटलेला किंवा डिस्ट्रिब्यूटर चोंदलेला असतो. कव्हरच्या कडेतून गाइड-वेवर तेलाची ओल दिसते का ते बघा. कव्हरच्या पत्र्यांमध्ये बर अडकली आहे का, कुठे पत्रा चेपला आहे का तेही बघा, पण ॲक्सिस हलत असताना तिथे हात नको.

काय करायचं नाही तेही सांगायला हवं. एक्स मोटरचा ब्रेक सोडायचा नाही आणि मोटर खोलायची नाही; स्लाइडला आधार दिला नसेल तर टरेट वजनाने खाली सरकतो आणि मधला हात सापडतो. एन्कोडरची केबल काढायची नाही, कारण ॲक्सिसचा संदर्भबिंदू जाऊ शकतो आणि एका बिघाडाचे दोन होतात. ड्राइव्हला जोडलेल्या मोटरला मेगर लावायचा नाही, ड्राइव्ह खराब होतो. पॅरामीटर बदलून अलार्म दाबायचा तर विचारही नको. यातलं काही आधीच झालं असेल तर तक्रारीत लिहा, कोणी केलं हे लिहायची गरज नाही.

घाई किती, ते कसं सांगायचं

"अतितातडीचे" हा शब्द डेस्कवर येणाऱ्या जवळपास प्रत्येक तक्रारीत असतो, त्यामुळे त्याला वजन उरलेलं नाही. वजन असतं ते मशीनच्या स्थितीला आणि तारखेला.

स्थिती तीनपैकी एका प्रकारात सांगा. मशीन पूर्ण बंद आहे. मशीन मर्यादित चालते, म्हणजे कमी वेगाने किंवा ठराविक जॉबच. किंवा चालते आहे पण बिघाड अधूनमधून दिसतो. यात खोटं बोलायचं नाही. मर्यादित चालणारी मशीन "पूर्ण बंद" म्हणून लिहिली आणि इंजिनिअर आला तेव्हा ती जॉब काढत असली, तर पुढच्या वेळी तुमच्या "पूर्ण बंद"वर विश्वास ठेवला जात नाही. माणसाला धोका असेल, जसं दार उघडं असताना स्पिंडल फिरतो किंवा टरेट आपोआप सरकतो, तर ते सगळ्यात वर लिहा आणि मशीन बंद करून ठेवली आहे हेही लिहा. अशी मशीन अर्धवट चालवायचीच नाही.

त्यापुढे कारणासह तारीख द्या. "या पार्टचा तयार माल बुधवार संध्याकाळपर्यंत पुरेल, त्यानंतर ग्राहकाची लाइन थांबेल, दुसऱ्या मशीनवर हे काम बसत नाही." एवढ्या दोन वाक्यांवर डेस्कला तुमचा नंबर दुसऱ्या तक्रारींच्या वर घेता येतो, कारण वरिष्ठांना दाखवायला त्याच्याकडे कारण असतं. दुसऱ्या मशीनवर काम बसत असेल तर तेही सांगा; अशा वेळी एक दिवस उशिरा पण योग्य पार्टसह येणारा इंजिनिअर तुमच्या जास्त फायद्याचा असतो. आणि मशीन इंजिनिअरच्या ताब्यात कधी देता येईल ते लिहा. दुपारी माणूस पोचतो आणि "शिफ्ट संपेपर्यंत थांबा" असं ऐकतो, हा प्रकार सर्व्हिसवाले विसरत नाहीत.

प्रत्यक्ष तक्रार

आधी ईमेल किंवा कंपनीच्या पोर्टलवर नोंद, लगेच फोन. फोनवर सांगितलेलं हवेत विरतं, आणि नुसता ईमेल दुपारपर्यंत न उघडता राहू शकतो. आपल्या उदाहरणातली तक्रार अशी होईल. मॉडेल आणि नंबर नमुन्यादाखल आहेत.

विषय: ब्रेकडाऊन, मशीन पूर्ण बंद – मॉडेल टीसी-२०० – सि. नं. ०४१७ – एक्स ॲक्सिस SV0436

प्रति,
सर्व्हिस विभाग

नमस्कार,

आमची खालील मशीन आज, सोमवारी सकाळी ९:१५ पासून बंद आहे. कृपया मेकॅनिकल कामाचा अनुभव असलेला सर्व्हिस इंजिनिअर पाठवावा.

मशीन: सीएनसी टर्निंग सेंटर, मॉडेल टीसी-२००, सिरीयल नंबर ०४१७. नेमप्लेट, कंट्रोल आणि एक्स ड्राइव्हच्या प्लेटचे फोटो जोडले आहेत. वॉरंटी संपली आहे, एएमसी नाही.

बिघाड: ऑटोमध्ये चालताना SV0436 एक्स ॲक्सिसवर येतो. रिसेट केल्यावर साधारण १० मिनिटे चालून पुन्हा येतो. सकाळपासून तीन वेळा आला, त्यानंतर मशीन बंद ठेवली आहे.

आधीची घटना: शनिवारी रात्री २:४० ला रॅपिडमध्ये टूल होल्डर चकच्या जॉवर आदळला. तेव्हा SV0411 एक्स ॲक्सिसवर आला होता. त्या वेळी एक्सची जागा साधारण ७० होती.

तपासणी: रॅपिड २५ टक्के, स्पिंडल बंद, जॉब नाही. पडद्यावर X60 ते X90 या टप्प्यात लोड वर जाताना १३०, खाली येताना १०० टक्क्यांपर्यंत जातो. बाकी प्रवासात वर जाताना ४०, खाली येताना २५ च्या आसपास. उभा असताना ३०. त्याच टप्प्यात घासल्यासारखा आवाज येतो. गाइड-वेवर तेल पोचते आहे. कव्हरमध्ये बर किंवा चेपलेला पत्रा दिसला नाही. कोणताही भाग खोललेला नाही, पॅरामीटर बदललेले नाहीत. चालतानाचा व्हिडिओ जोडला आहे.

तातडी: या मशीनवरच्या पार्टचा तयार माल बुधवार संध्याकाळपर्यंत पुरेल. दुसरीकडे काम बसत नाही. मशीन आत्तापासून कधीही, रात्रीसुद्धा, ताब्यात देऊ.

विनंती: धडक झालेली असल्याने टरेट आणि स्पिंडलचे अलाइनमेंटही तपासायचे आहे, त्याची साधने बरोबर असावीत. एक्सचे सपोर्ट बेअरिंग बरोबर आणावे आणि बॉलस्क्रू स्टॉकमध्ये आहे का ते कळवावे. व्हिजिटचे दर व अटी आजच पाठवाव्यात, पीओ लगेच देऊ.

संपर्क: मेंटेनन्स सुपरवायझर (नाव, मोबाइल), रात्री शिफ्ट इनचार्ज (नाव, मोबाइल).

नमुना एवढाच. यात कुठेही "मोटर खराब आहे" म्हटलेलं नाही, तरी वाचणाऱ्याला कळतं की मेकॅनिकलचा माणूस हवा. धडकेची जागा ७० आणि लोड वाढतो तो टप्पा ६० ते ९०, या दोन ओळी शेजारी आल्या की अनुभवी इंजिनिअरचं लक्ष लगेच स्क्रू आणि नटकडे जातं. खात्री मात्र उघडल्याशिवाय होत नाही.

व्हिडिओ तीस सेकंदांचा पुरे. मोबाइल आडवा धरा. आधी पडद्यावरचा लोड, मग हलणारी स्लाइड, आवाजासह. शेजारचा कॉम्प्रेसर किंवा दुसरी मशीन शक्य असेल तर तेवढ्यापुरती थांबवा, नाहीतर आवाज ऐकूच येत नाही.

नोंद झाल्यावर

तक्रार क्रमांक मागून घ्या आणि पुढच्या प्रत्येक बोलण्यात तोच सांगा. तुमच्याकडून एकाच माणसाने बोलायचं. मालक, पर्चेस आणि सुपरवायझर असे तिघं वेगवेगळे फोन करत राहिले तर तीन तक्रारी नोंदल्या जातात आणि कोणती खरी याचा घोळ होतो.

इंजिनिअरचा फोन बहुधा निघण्याआधी येतो. तो घ्यायला मशीनसमोर उभं राहा. संवाद साधारण असा असतो:

"सर, एक्स थोडा वर घ्या. लोड किती दाखवतोय?"

"साठच्या पुढे गेलो की चढतोय. आत्ता एकशे अठ्ठावीस."

"आता नव्वदच्या पुढे न्या."

"उतरला. बेचाळीस."

"ठीक आहे. आता आणखी चालवू नका. मी बेअरिंग आणि डायल घेऊन निघतो, स्क्रूचं स्टोअरला विचारतो."

दोन मिनिटांच्या या बोलण्याने त्याची बॅग ठरते. ऑफिसात बसून "हो, चढतो बहुतेक" असं उत्तर दिलं की त्याला अंदाजानेच निघावं लागतं. याच फोनवर तुम्हीही विचारून घ्या: कोण येतोय, कधी निघतोय, कोणता पार्ट बरोबर आहे आणि कोणता नंतर येणार.

वॉरंटी किंवा एएमसी नसेल तर इंजिनिअर अडकतो तो बहुतेक वेळा पीओवर. व्हिजिटचा दर, प्रवास, राहणं आणि पार्टचे पैसे वेगळे धरले जातात. कोटेशन आलं की ते पर्चेसच्या टेबलावर दोन दिवस पडून राहतं आणि इकडे शॉपवर कंपनीच्या नावाने बोटं मोडली जातात. म्हणून तक्रार नोंदवतानाच पर्चेसला आणि मंजुरी देणाऱ्याला सांगून ठेवा. पार्टची किंमत आधी कळणार नसेल तर व्हिजिटचा पीओ वेगळा काढा, पार्टचा नंतर.

तो येईपर्यंत प्रोग्रॅम, ऑफसेट आणि पॅरामीटरचा बॅकअप घेऊन ठेवा. टाकीभोवतीचं कुलंट पुसा, स्लाइडजवळची बर काढा, कव्हर काढायला आणि वजन उचलायला एक मदतनीस आणि क्रेन किंवा चेन ब्लॉक तयार ठेवा. गेटवर त्याचं नाव, लॅपटॉप आणि टूलबॉक्सची नोंद आधीच देऊन ठेवा. त्याचा एक तास गेटवर गेला तर तो तुमच्याच बिलात धरला जाऊ शकतो.

सही करण्याआधी

काम झाल्यावर इंजिनिअर सर्व्हिस रिपोर्ट लिहितो आणि तुमची सही मागतो. सही करण्याआधी तक्रारीत दिलेले आकडे पुन्हा घ्या, त्याच पद्धतीने: २५ टक्के रॅपिड, स्पिंडल बंद, जॉब नाही. X60 ते X90 या टप्प्यात लोड आता बाकी प्रवासाइतकाच हवा. मग तोच जॉब लावून निदान तासभर चालवा, कारण हा अलार्म हिशोबाचा आहे आणि साठत साठत येतो. पाच मिनिटं चालून काही सिद्ध होत नाही. पहिल्या आणि शेवटच्या जॉबचं माप घ्या. बॉलस्क्रूला हात लागला असेल तर संदर्भबिंदू पुन्हा सेट करावा लागतो आणि सगळे ऑफसेट तपासावे लागतात.

रिपोर्टमध्ये "मशीन ओके" एवढंच असेल तर थांबवा आणि विनंती करा की काय सापडलं, कोणता पार्ट कोणत्या नंबरचा बदलला, आधीचा आणि नंतरचा लोड किती, आणि काय बाकी आहे ते लिहावं. समजा, त्याने बेअरिंग बदललं, टप्प्यातला लोड १३० वरून ७० वर आला, पण स्क्रूवर खळगा दिसतो आणि स्क्रू दहा दिवसांनी येणार आहे. मग रिपोर्टवर काम पूर्ण झालं असं लिहू देऊ नका. "स्क्रू बदलणे बाकी, तोपर्यंत रॅपिड ५० टक्क्यांपेक्षा जास्त वापरू नये" असं जे त्याने तोंडी सांगितलं ते लेखी घ्या आणि तक्रार क्रमांक उघडाच ठेवायला सांगा. तो बंद झाला की स्क्रू आल्यावर नवी तक्रार, नवा पीओ, नवी रांग.

अलार्म पुन्हा आला तर नव्याने सगळं लिहीत बसू नका. जुना तक्रार क्रमांक, रिपोर्टची तारीख, परत आलेला अलार्म आणि आत्ताचा लोड, एवढ्या चार ओळी पाठवा. दिलेल्या वेळेत उत्तर आलं नाही तर त्याच ईमेलला उत्तर देत सर्व्हिस मॅनेजरला त्यात घ्या, नवा ईमेल सुरू करू नका. आधीचे आकडे, फोटो आणि तारखा खाली असतात, ते वाचून त्याला दोन मिनिटांत निर्णय घेता येतो.